चोवीस तासांची अट आणि दिवसाभराचा उपचार

मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले की वऱ्हाडातल्या घरांत डॉक्टरांच्या फीची जितकी चर्चा होते तितकीच आणखी एका प्रश्नाची होते, आणि तो प्रश्न असा की दवाखान्यात एक रात्र भरती राहावे लागेल की नाही. कारण ज्याने मेडिक्लेमची पॉलिसी घेतलेली असते त्याला कोणी ना कोणी सांगून ठेवलेले असते की चोवीस तास भरले नाहीत तर कंपनी एक पैसा देत नाही. ही समजूत अर्धी खरी आहे. पॉलिसीच्या कागदावर चोवीस तासांची अट खरोखरच छापलेली असते. परंतु त्याच कलमाच्या पुढच्या वाक्यात जो अपवाद नमूद केलेला असतो तो वाचण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही, आणि परिणामी एखादा रुग्ण दोन तासांत आटोपणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी विनाकारण खाट अडवून रात्र काढतो, तर दुसरा एखादा, हक्काची रक्कम मिळणार नाही अशी मनाची समजूत घालून, दावाच दाखल करीत नाही.

या अपवादाचे स्वरूप नीट समजून घ्यावयाचे तर दोन उपचार शेजारी ठेवून पाहणे सोयीचे आहे. एक मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, जी आयुष्यात फार तर दोनदा, प्रत्येक डोळ्याची एकेकदा होते. आणि दुसरा डायलिसिस, जो एकदा मागे लागला की आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा करावाच लागतो. दोन्हींची रक्कम चोवीस तास भरती न राहता मिळू शकते. मात्र ती ज्या वाटेने मिळते ती वाट दोन्हींच्या बाबतीत निराळी आहे, आणि दावा कुठे अडतो हेही त्या वाटेवरच अवलंबून आहे.

अट आली कोठून

१९८६ साली जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम नावाची पॉलिसी बाजारात आणली तेव्हा तिचा मूळ हेतू मोठ्या आजारपणाचा खर्च भरून देणे हा होता. सर्दी-खोकल्याचे औषध, दातदुखीची तपासणी किंवा डॉक्टरांची साधी भेट यांची बिले कंपनीने भरावीत अशी कल्पना त्यात नव्हती. मोठे आजारपण आणि किरकोळ आजारपण यांच्यामध्ये कुठे तरी रेघ ओढणे भाग होते, आणि ती रेघ अशी हवी होती की जी कंपनीच्या कारकुनालाही दुरून, रुग्णाला न पाहता, केवळ कागदावरून तपासता यावी. आजाराची तीव्रता कागदावरून मोजता येत नाही, पण रुग्णालयात दाखल झाल्याची आणि तेथून सुटल्याची वेळ मोजता येते. म्हणून घड्याळाला साक्षीदार करण्यात आले आणि सलग चोवीस तासांची अट अस्तित्वात आली.

मात्र मसुदा तयार करणाऱ्यांनाही तेव्हाच ठाऊक होते की काही उपचार गंभीर असूनही इतका वेळ घेत नाहीत. म्हणून जुन्या मेडिक्लेमच्या मसुद्यातच असे लिहिलेले आढळते की डायलिसिस, केमोथेरपी, रेडिओथेरपी, डोळ्यांची शस्त्रक्रिया, दातांची शस्त्रक्रिया, मूतखडा फोडण्याची लिथोट्रिप्सी, क्युरेटिंग आणि टॉन्सिलची शस्त्रक्रिया यांना ही कालमर्यादा लागू नाही. म्हणजे ज्या दोन उपचारांविषयी हा लेख आहे ते दोन्ही त्या पहिल्या आठांच्या यादीत होते. पुढे शस्त्रक्रियांचे तंत्र इतके झपाट्याने बदलले की अशी यादी करून पुरे पडेना, आणि विमा नियामकाने २०१३ पासून सर्व कंपन्यांसाठी एकच प्रमाणित व्याख्या घालून दिली.

त्या व्याख्येचा आशय असा आहे की जो औषधोपचार किंवा जी शस्त्रक्रिया सार्वदेहिक अथवा स्थानिक भूल देऊन, रुग्णालयात किंवा डे केअर केंद्रात, तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे चोवीस तासांच्या आत पूर्ण होते आणि जिला एरवी चोवीस तासांहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागले असते, ती डे केअर उपचार होय. मात्र जो उपचार सामान्यतः बाह्यरुग्ण विभागातच घेतला जातो तो या व्याख्येत येत नाही. यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला आहे, आणि बहुतेक वाद यातल्याच कोणत्या तरी शब्दावर उभे राहतात.

मोतीबिंदू: आठवड्याचे तास कसे झाले

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या व्याख्येचे आदर्श उदाहरण म्हणता येईल, कारण तिच्या इतिहासातच तंत्रज्ञानाची प्रगती म्हणजे काय हे दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही शस्त्रक्रिया म्हणजे डोळ्यातले गढूळ झालेले नैसर्गिक भिंग त्याच्या वेष्टनासह अखंड बाहेर काढणे अशी होती. त्यासाठी बुबुळाच्या कडेने जवळजवळ अर्धवर्तुळाकार छेद द्यावा लागे. तो छेद जुळून येईपर्यंत रुग्णाने हलू नये म्हणून त्याला दिवसचे दिवस उताणे निजवून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवीत, आणि खोकला किंवा जोराची शिंक आली तरी टाके तुटण्याची धास्ती असे. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये, हा आमच्या आजी-आजोबांचा समज त्या काळातला आहे. कारण पूर्ण पिकलेले भिंग अखंड काढणे सोपे जाई. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात भिंगच उरत नसल्यामुळे जाड काचांचा चष्मा कायमचा नाकावर बसे.

हे चित्र दोन शोधांनी बदलले. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली काढलेल्या भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसविले, आणि न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो बारीक नळीवाटे शोषून घेण्याची पद्धत शोधली, जिला आज सर्वत्र फेको म्हणतात. पुढे घडी घालून आत सरकविता येणारे भिंग आल्यावर छेद अडीच-तीन मिलिमीटरांपर्यंत आला, टाक्यांची गरज उरली नाही, आणि भूल म्हणून डोळ्यात थेंब टाकणे पुरेसे होऊ लागले. आपल्याकडे हा बदल सावकाश पोचला. १९९४-९५ पासून २००२ पर्यंत जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत जो मोतीबिंदू प्रकल्प राबविला गेला त्यात महाराष्ट्र होता, आणि जाड चष्म्याच्या जुन्या पद्धतीकडून कृत्रिम भिंगाच्या पद्धतीकडे सार्वजनिक रुग्णालये वळली ती प्रामुख्याने त्या काळात.

आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या नेत्ररुग्णालयात सकाळी गेलेला रुग्ण रक्तदाब आणि साखर तपासून, बाहुली मोठी करणारे थेंब घालून, पाळी आली की अर्ध्या तासाच्या आत शस्त्रक्रिया आटोपून, चहा-बिस्किटे घेऊन दुपारी घरी जातो. वैद्यकीय दृष्टीने त्याला रात्रभर ठेवण्याचे काही कारण उरलेले नसते. म्हणून जेव्हा एखादा दवाखाना केवळ विम्यासाठी त्याला रात्री ठेवून घेतो तेव्हा तो रुग्णावर उपकार करीत नाही. खोलीभाडे वाढते, ते पुष्कळदा मोतीबिंदूच्या ठरलेल्या मर्यादेतूनच वजा होते, आणि ज्या दाव्यात शंकेला जागा नव्हती त्यात ‘ही भरती कशासाठी?’ असा प्रश्न विचारावयास कंपनीला निमित्त मिळते.

खाटांचा प्रश्न

येथे एक प्रश्न असा उद्भवतो की शहरांतील पुष्कळशी नेत्ररुग्णालये लहान असतात. चार-पाच खाटा आणि एक सुसज्ज शस्त्रक्रियागृह एवढाच त्यांचा पसारा असतो. विम्याच्या प्रमाणित व्याख्येप्रमाणे ‘रुग्णालय’ म्हणवून घेण्यासाठी दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावी निदान दहा आणि इतरत्र निदान पंधरा आंतररुग्ण खाटा असाव्या लागतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख, म्हणजे दोन्ही ठिकाणी दहा खाटांचा निकष लागतो, आणि चार खाटांचे नेत्ररुग्णालय त्यात बसत नाही.

परंतु नियमांत ‘डे केअर केंद्र’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे, आणि तिच्या व्याख्येत खाटांच्या संख्येची अट नाही. तेथे लागणाऱ्या गोष्टी अशा: स्थानिक प्राधिकरणाकडे जेथे आवश्यक असेल तेथे नोंदणी, अर्हताप्राप्त परिचारिका, प्रभारी म्हणून अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यवसायी, शस्त्रक्रिया होत असल्यास स्वतःचे सुसज्ज शस्त्रक्रियागृह, आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी, ज्या कंपनीच्या अधिकृत माणसाला पाहता आल्या पाहिजेत. यातून गमतीदार पण महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चार खाटांच्या त्या नेत्ररुग्णालयात रुग्ण दिवसभरात शस्त्रक्रिया करून घरी गेला तर दावा व्यवस्थित बसतो. पण तोच रुग्ण चोवीस तास भरण्याच्या हट्टाने तेथे राहिला आणि कागदावर ती आंतररुग्ण भरती म्हणून नोंदली गेली तर दहा खाटांचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. जास्त तास राहिल्याने दावा बळकट होण्याऐवजी कमकुवत व्हावा, हे आपल्या सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे.

एक हिशेब

एक कल्पित उदाहरण घेऊ. अकोल्यातील एका निवृत्त शिक्षकांजवळ ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक साधारण व आरोग्य विमा कंपनीने विकावी म्हणून नियामकाने जी एकसारख्या शर्तींची पॉलिसी ठरवून दिली तीच ही, आणि म्हणूनच उदाहरणाला सोयीची. गुरुजींची विमा रक्कम तीन लाख रुपये; उजव्या डोळ्याच्या फेको शस्त्रक्रियेचे बिल बावन्न हजार रुपये.

पहिला प्रश्न मुदतीचा. मोतीबिंदू आणि वयोमानाने होणारे डोळ्यांचे विकार यांना या पॉलिसीत चोवीस महिन्यांची प्रतीक्षा आहे. पॉलिसी घेऊन पंधरा महिनेच झाले असतील तर रुग्ण किती तास भरती होता हा प्रश्नच निघत नाही. दावा मुदतीच्या कलमाखाली नामंजूर होतो. पुष्कळ नामंजुऱ्यांचे खरे कारण हेच असते आणि लोकांत मात्र ‘चोवीस तास भरले नाहीत म्हणून’ असे पसरते, कारण महिने आणि तास या दोहोंचाही आकडा योगायोगाने चोवीसच आहे. ही गल्लत टाळावयाची तर नकाराच्या पत्रात कोणते कलम उद्धृत केले आहे ते प्रथम पाहावे.

गुरुजींची मुदत पूर्ण झाली आहे असे धरू. आता मर्यादेचा प्रश्न येतो. या पॉलिसीत एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी, एका विमा वर्षात, विमा रकमेच्या पंचवीस टक्के किंवा चाळीस हजार रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच ग्राह्य धरतात. तीन लाखांचे पंचवीस टक्के म्हणजे पंच्याहत्तर हजार. म्हणून चाळीस हजार. त्यातून प्रत्येक दाव्याला लागू असलेला पाच टक्के सहभाग, म्हणजे दोन हजार, वजा जाऊन हाती येतात अडतीस हजार, आणि बावन्न हजारांपैकी चौदा हजार स्वतःच्या खिशातून जातात. गुरुजींची विमा रक्कम एक लाखच असती तर पंचवीस हजारांची मर्यादा लागून, सहभाग वजा जाता, तेवीस हजार सातशे पन्नास रुपये मिळाले असते. डावा डोळा काही आठवड्यांनी केला तर त्याची मर्यादा स्वतंत्र मोजली जाते.

बिलातील फरक बहुतेक भिंगाच्या जातीमुळे पडतो. दूरचे स्वच्छ दाखविणारे साधे मोनोफोकल भिंग आणि जवळ-दूर दोन्हींसाठीचे मल्टिफोकल किंवा वक्रतादोष भरून काढणारे टोरिक भिंग यांच्या किमतींत मोठे अंतर असते, आणि कंपन्यांचा युक्तिवाद असा असतो की मोतीबिंदू काढणे हा उपचार आहे, चष्मा घालविणे ही सोय आहे. ज्या पॉलिसीत मोतीबिंदूला ठराविक मर्यादा नाही तेथे हा वाद ‘वाजवी आणि रूढ आकार’ या कलमाखाली येतो. म्हणून भिंग निवडण्याच्या आधी, पूर्वमंजुरीच्या अर्जातच, भिंगाचे नाव आणि किंमत लिहून उत्तर मागवावे हे शहाणपणाचे. नियोजित शस्त्रक्रियेची सूचना या पॉलिसीप्रमाणे निदान अठ्ठेचाळीस तास आधी द्यावी लागतेच. आणि मे २०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर एका तासात, व रुग्णालयातून सुटताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावयाचा आहे.

डिस्चार्ज कार्डावर काय असावे

गुरुजींनी कॅशलेस न घेता आधी पैसे भरले आणि नंतर दावा केला, तर सारी भिस्त कागदांवर राहते, आणि त्यांतही एका कागदावर, म्हणजे डिस्चार्ज कार्डावर. त्यावर दाखल होण्याची आणि सुटण्याची तारीखच नव्हे तर वेळ असावी. निदान नुसते ‘डोळा’ असे न लिहिता कोणत्या डोळ्याचा कोणत्या प्रकारचा मोतीबिंदू ते लिहिलेले असावे. केलेल्या शस्त्रक्रियेचे नाव असावे. आणि भूल कोणती दिली, थेंबांची की इंजेक्शनची, हेही नमूद असावे, कारण व्याख्येत भुलीचा उल्लेख आहे आणि थेंबांनी दिलेली भूल ही स्थानिक भूलच होय. कृत्रिम भिंगाच्या डबीत जे छोटे चिकटपत्र येते, ज्यावर भिंगाची जात, शक्ती आणि क्रमांक छापलेला असतो, ते कार्डावर किंवा शस्त्रक्रियेच्या टिपणावर डकविलेले असावे. कोणते भिंग बसविले याचा तोच पुरावा. शस्त्रक्रियेपूर्वीची दृष्टीची नोंद आणि भिंगाची शक्ती मोजण्याचा अहवालही सोबत हवा.

दावा बिघडतो तो बहुधा लहानशा हलगर्जीने. गर्दीच्या दिवशी दवाखान्यातला माणूस बाह्यरुग्ण विभागाच्याच पावतीपुस्तकावर बिल फाडून देतो, आणि कंपनीच्या टेबलावर तो कागद पोचतो तेव्हा त्याच्या माथ्यावर ‘ओपीडी’ असे छापलेले असते. शस्त्रक्रियागृहात झालेली खरी शस्त्रक्रिया कागदावर बाह्यरुग्ण उपचार ठरते, आणि बाह्यरुग्ण उपचार व्याख्येच्या बाहेर. दवाखाना सोडण्यापूर्वी बिलाचा मथळा वाचणे एवढाच यावर उपाय आहे. नंतर दुरुस्तीचा दाखला आणण्यास हेलपाटे पडतात.

डायलिसिस: यादीने मिळालेला हक्क

आता दुसऱ्या उपचाराकडे वळू. डायलिसिसला वर दिलेली व्याख्या लावून पाहिली तर आश्चर्य वाटते, कारण तो तिच्यात नीट बसत नाही. डायलिसिससाठी भूल देत नाहीत. तो एरवी चोवीस तास चालला असता आणि आता तंत्रामुळे चार तासांत होतो, असेही नाही; नियमित डायलिसिस हा बहुशः चार तासांचाच असतो. त्याची रक्कम मिळते ती व्याख्येच्या जोरावर नव्हे, तर जुन्या यादीत त्याचे नाव होते आणि नंतरच्या बहुतेक पॉलिसींच्या परिशिष्टांत किंवा अपवादाच्या कलमात ते तसेच राहिले म्हणून. यासाठीच डायलिसिसच्या रुग्णाने, किंवा मधुमेह-रक्तदाबामुळे ज्याचे मूत्रपिंड धोक्यात आहे अशा माणसाने, पॉलिसीत हा शब्द प्रत्यक्ष छापलेला आहे की नाही हे बोट ठेवून पाहावे. मोतीबिंदूवाल्याला व्याख्या पुरते. डायलिसिसवाल्याला यादी लागते.

उपचाराची रीत थोडक्यात अशी. हातातील धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला तयार करतात. ती शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हावयास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर मानेतील मोठ्या शिरेत तात्पुरती नळी घालून काम भागवितात. दोन सुयांपैकी एकीतून मिनिटाला दोनशे ते तीनशे मिलिलिटर रक्त बाहेर येते, यंत्रातील कृत्रिम गाळणीतून फिरते आणि दुसरीतून परत जाते. गाळणीच्या पडद्यापलीकडून मिनिटाला सुमारे पाचशे मिलिलिटर द्रव वाहत असतो. चार तासांचा हिशेब केला तर एका रुग्णाच्या एका बैठकीला एकशेवीस लिटर शुद्ध पाणी लागते, आणि ते शुद्ध करताना वाया जाते ते वेगळेच. ज्या अकोला शहराची तहान महानच्या काटेपूर्णा धरणावर अवलंबून असते, आणि ज्याने पाणीटंचाईची वर्षे पाहिली आहेत, तेथे डायलिसिस केंद्र चालविणे म्हणजे आधी पाण्याची तजवीज करणे होय.

पाण्याचा संबंध येथे आणखी एका प्रकारे येतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या गावांत विहिरींचे पाणी खारट लागते, आणि मूत्रपिंडाच्या आजारांचा दोष लोक त्या पाण्यालाच देतात. वैद्यकीय कारणमीमांसा इतकी सरळ नसते. मधुमेह, रक्तदाब, उन्हातले कष्ट आणि वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक यांचाही वाटा तीत असू शकतो. कारण कोणतेही असो, रुग्णाला अखेर आठवड्याच्या ठरल्या वारी अमरावतीची किंवा अकोल्याची एसटी गाठावी लागते.

विम्याच्या दृष्टीने डायलिसिसची प्रत्येक बैठक ही स्वतंत्र डे केअर भरती असते, आणि तिचा पुरावा म्हणजे त्या दिवसाचा तक्ता. त्यात सुरुवातीची आणि समाप्तीची वेळ, आधीचे आणि नंतरचे वजन, दर तासाचा रक्तदाब, वापरलेली गाळणी आणि शेवटी सही असते. मूत्रपिंडतज्ज्ञाने आठवड्याला किती बैठका लागतील हे लिहिलेले पत्र आणि रक्ताचे अहवाल यांच्या जोडीने हे तक्ते दाव्याचा कणा ठरतात. पंचवीस बैठकांची बिले आणि तेवीसच तक्ते असे झाले तर तेवढ्यावरून सगळा दावा रखडतो, म्हणून तक्त्याची प्रत त्याच दिवशी मागून घेणे बरे.

परंतु कागद चोख असले तरी डायलिसिसची खरी अडचण तासांची नसून रकमेची आहे. एका बैठकीचा खर्च अडीच हजार रुपये धरला तर आठवड्याला दोन प्रमाणे वर्षाच्या एकशेचार बैठकांना दोन लाख साठ हजार, आणि तीन प्रमाणे एकशेछप्पन्न बैठकांना तीन लाख नव्वद हजार लागतात. तीन लाखांच्या पॉलिसीत आठवड्याला तीन बैठका घेणाऱ्याची रक्कम एकशेविसाव्या बैठकीला, म्हणजे चाळिसाव्या आठवड्यात, संपते. आणि मग वर्षाच्या उरलेल्या बारा आठवड्यांत मानेतील नळीला जंतुसंसर्ग होऊन खरोखर दहा दिवस भरती व्हावे लागले तर त्यासाठी पॉलिसीत काही शिल्लक राहत नाही.

सरकारी योजनेचा आधार

या ठिकाणी अमरावती जिल्ह्याचा एक मान नोंदविण्याजोगा आहे. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत विदर्भातले दोनच जिल्हे होते, गडचिरोली आणि अमरावती. अकोल्यासह उर्वरित महाराष्ट्राला ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपासून सुरुवात झालेल्या या योजनेत पुढे चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांचाही समावेश झाला, आणि त्या चौदांत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. १ जुलै २०२४ पासून विस्तारित योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळून उपचारांची संख्या १३५६ झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाचे बंधन उरले नाही.

या योजनेत चोवीस तासांचा वाद मुळातच उद्भवत नाही. तेथे प्रत्येक उपचाराचे नाव आणि त्याचे पॅकेज ठरलेले असते. डायलिसिस त्यांत आहे, आणि विचारावयाचा प्रश्न एवढाच की रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का व पूर्वमंजुरी मिळाली का. अंगीकृत रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र शिधापत्रिका आणि ओळखपत्र पाहून अर्ज पुढे पाठवितो. शिवाय २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ही सेवा मोफत देण्याची तरतूद केली आहे.

यातून खासगी पॉलिसी असलेल्या कुटुंबाने शिकण्याजोगा धडा असा की डायलिसिस योजनेतून घेता येत असेल तर तो तेथून घ्यावा आणि पॉलिसीची रक्कम राखून ठेवावी. फिस्टुलाची शस्त्रक्रिया हव्या त्या शल्यचिकित्सकाकडे करणे, जंतुसंसर्गाची भरती, हृदयाची तक्रार, अशा प्रसंगी ती कामास येते. आणि पॉलिसीचे नूतनीकरण एक दिवसही चुकू देऊ नये, कारण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणे जवळजवळ अशक्य असते.

जिथे कलम संपते

चोवीस तासांचा अपवाद सर्व लहान उपचारांना पांघरूण घालीत नाही. मधुमेहाने दृष्टिपटलास सूज आलेल्या रुग्णाच्या डोळ्यात जे इंजेक्शन देतात त्याचे उदाहरण बोलके आहे. ते शस्त्रक्रियागृहात, भूल देऊनच द्यावे लागते, पण काही मिनिटांत संपते, म्हणून कंपन्या ते पुष्कळ वर्षे बाह्यरुग्ण उपचार मानून नाकारीत. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत नियामकाने ज्या बारा आधुनिक उपचारांना वगळता येणार नाही असे ठरविले त्यांत हे इंजेक्शन आले. तरी त्यावर उपमर्यादा असू शकते, आणि आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या निम्म्याइतकी आहे. उलट बाजूने, केवळ तपासण्यांसाठी दोन दिवस भरती राहिले तरी ती रक्कम मिळत नाही, कारण निव्वळ तपासणी व निदान यांसाठीची भरती वगळणारे स्वतंत्र कलम आहे.

अपवाद असूनही दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करावा. आता कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या संमतीवाचून नकार देता येत नाही, आणि नकारात कलमाचा निर्देश करावा लागतो. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या लोकपालाच्या अधिकारक्षेत्रात आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यातच दोन वर्षांच्या आत फिर्याद दाखल करू शकतो. मार्च २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या ग्राहक आयोगाने असा निर्णय दिला की नव्या औषधांमुळे आणि पद्धतींमुळे उपचार लवकर संपला एवढ्या कारणाने, चोवीस तास भरले नाहीत म्हणून, कंपनीला दावा नाकारता येणार नाही. हा निर्णय सर्वत्र बंधनकारक नसला तरी युक्तिवादाला त्याचा उपयोग होतो.

असा युक्तिवाद करणाऱ्याने एक पथ्य मात्र पाळावे. ‘चार तास पुष्कळ झाले’ असे म्हणून घड्याळाशी भांडण्यात अर्थ नाही. हा उपचार व्याख्येत बसतो म्हणून मागतो आहे की यादीत नाव आहे म्हणून, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे, आणि त्या वाटेला जो पुरावा लागतो, पहिलीला भूल व शस्त्रक्रियेचे टिपण, दुसरीला परिशिष्टाचे पान व बैठकीचे तक्ते, तो खाली क्रमाने जोडावा. एवढे केलेला अर्ज कंपनीच्या दफ्तरात वाचला गेला तर त्याला उत्तर द्यावयाचे ते कलमानेच द्यावे लागते. चोवीस तासांचे मोघम कारण मग पुरत नाही.